१-१-८ म्हणजे तारीख नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी या आमच्या पट्ट्यात जमिनीची भांडणं मराठीत होतात, सरकारी कागद कन्नडमध्ये असतात, आणि वकील जरा लांबचा असला की तो म्हणतो मला सगळं इंग्रजीत टाईप करून द्या. मी या तिन्हीच्या मधे बसून भाषांतरं करते. छापील कागद असेल तर काम सरळ असतं. खरी मजा येते ती घरातल्या वह्यांची, म्हणजे आजोबांनी नाहीतर थोरल्या चुलत्यांनी शंभर पानी वहीत बॉलपेननं लिहिलेली टिपणं, त्यांचे मोबाईलवर काढलेले फोटो, आणि भाषा म्हणाल तर निम्मी मराठी, निम्मी ऑफिसात ऐकून उचललेली इंग्रजी, ती पण देवनागरीत.

अशीच एक वही मध्यंतरी आली, खानापूरकडच्या तीन भावांच्या घरातली. थोरल्यांनी १९७९ पासून पार २०१० पर्यंत चालवलेली. आता तिघंही नाहीत, पुढच्या पिढीत वाद लागलाय, आणि धाकट्यांचा मुलगा बेंगळूरला असल्यामुळं वकीलही तिकडचेच. फोटो पाठवणारे मधल्यांचे चिरंजीव, वयानं माझ्यापेक्षा मोठे, मी त्यांना काका म्हणते आणि ते मला मॅडम. त्यांच्या पुतण्यानं आधीच एक इंग्रजी मसुदा करून ठेवला होता, म्हणजे मी नुसता तपासून द्यायचा असं ठरलं होतं. पाच ओळी वाचल्या आणि काकांना फोन केला, म्हटलं हे बाजूला ठेवूया, मला मूळ पानांचे फोटो परत पाठवा, ते सुद्धा फोटो म्हणून नको, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून छोटं होतं आणि अनुस्वार, दंड, टिंब हे सगळ्यात आधी जातात, आणि जमिनीच्या वहीत भांडण त्या दंडावरच असतं. प्रत्येक पानाच्या मागच्या बाजूचा पण फोटो मागवला. काका म्हणाले, "मागं काय न्हाई की मॅडम, मागं दुधाचा हिशोब हाय." म्हटलं तोच पाहिजे. पातळ कागदावर मागची शाई पुढं उमटते आणि आकड्याच्या शेजारी एक उभी रेघ दिसायला लागते, ती खरी की मागून आलेली हे मागचं पान शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही.

मग मी लगेच भाषांतर करत नाही. आधी पान जसंच्या तसं देवनागरीत उतरवते, ओळीला ओळ, चुकीचं शुद्धलेखन तसंच, न लागलेल्या जागी चौकोनी कंस आणि आत प्रश्नचिन्ह. कंटाळवाणं काम आहे, खरं (हा आमच्याकडचा "खरं" बरं का, त्यावर पुढं येतेच) त्यात लिहिणाऱ्याच्या सवयी कळतात. थोरले तारीख लिहिताना नेहमी आधी "ता." लिहायचे आणि मधे तिरकी रेघ मारायचे, "ता. १४/६/८१" असं. आणि जिथं आडव्या रेघा आहेत तिथं "ता." कुठंच नाही. हे कळलं आणि त्या वहीची निम्मी कुलपं उघडली.

ज्या पानावर सगळा वाद आहे ते पान असं आहे: "स.नं. ८७/२ एकूण ३-१०-८ पैकी पो.ख. (ब) ०-६-० जाता तिघांना १-१-८." पुतण्याच्या मसुद्यात याचं झालं होतं, सर्व्हे नंबर सत्त्याऐंशी बटे दोन, तीन ऑक्टोबर दोन हजार आठ, आणि तिघांना एक जानेवारी दोन हजार आठ रोजी दिलं. पोराला पण काय बोलणार, वही २०१० पर्यंत चालली आहे म्हटल्यावर २००८ साल बसतं की त्यात. तो पुण्यात शिकलेला, त्याला एकर-गुंठे-आणे कुणी शिकवलेच नाहीत.

आमच्या उताऱ्यावर क्षेत्र असंच येतं. एकर, मग गुंठे, मग आणे. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. त्यामुळं मधला आकडा कधी चाळीस होत नाही आणि शेवटचा कधी सोळा होत नाही, झाला की तो पुढच्या घरात जातो. पण ही खूण लहान आकड्यांना उपयोगाची नाही, कारण ३-१०-८ तारीख म्हणून पण चालते आणि क्षेत्र म्हणून पण. अशा वेळी बेरीज करून बघायची, दुसरा उपाय नाही. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, वर दहा, आणि आठ आणे म्हणजे अर्धा, झाले एकशे साडेतीस गुंठे. त्यातनं सहा गुंठे खराब गेले, राहिले एकशे साडेचोवीस. त्याचे तीन भाग करा, साडेएक्केचाळीस गुंठे. साडेएक्केचाळीस म्हणजे एक एकर, एक गुंठा, आठ आणे. १-१-८. आण्याला आणा जुळला, तिथं तारखेचा विषय संपला.

आणि गंमत म्हणजे आधीच्या एका पानावर हाच आकडा थोरल्यांनी दुसऱ्या रीतीनं लिहिलाय, "प्रत्येकी ४१॥ गुं." असा. जुन्या मोडीत एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, त्यामुळं ४१॥ म्हणजे साडेएक्केचाळीस. पुतण्यानं ते दंड पूर्णविराम समजून सोडून दिले आणि वाटणी अर्ध्या गुंठ्यानं कमी झाली. मी त्या जागी आधी मागचं पान बघितलं, तिथं दुधाच्या हिशोबात त्या ठिकाणी कोरी जागा होती, म्हणजे दोन्ही दंड याच पानाचे. मग निर्धास्त झाले.

आता इंग्रजीत काय लिहायचं? बेंगळूरच्या वकिलांच्या ऑफिसातनं निरोप होता की चौरस फुटात किंवा हेक्टरमध्ये दिलं तर बरं. मी दिलं नाही. एकर, गुंठा, आणा तिन्ही शब्द तसेच ठेवले, आणि आकडे पण तसेच. सीमेपलीकडं चंदगडला गेलं की हीच जमीन हेक्टर आणि आरमध्ये बोलतात, साडेएक्केचाळीस गुंठ्यांचे जवळपास ४२ आर होतात, आणि त्या "जवळपास" मध्येच घोळ आहे. वकील हा कागद उताऱ्याशेजारी ठेवणार, तिथं १-१-८ लिहिलंय आणि माझ्या कागदात भलतंच काहीतरी दशांशात आलं तर समोरचा वकील म्हणणार ही जमीनच वेगळी. ज्याला रूपांतर पाहिजे त्यानं शेवटी वेगळ्या तक्त्यात करावं, मूळ ओळीत करू नये.

"पो.ख. (ब)" वर मी सगळ्यात जास्त अडून बसले. पोटखराब. मसुद्यात वेस्ट लँड केलं होतं, आणि कंसातला ब गाळला होता, पोराला वाटलं असेल कलम अ कलम ब सारखं काहीतरी असणार. पण कर्नाटकात खराब दोन तऱ्हेचं. अ म्हणजे पिकाला नालायक, पण मालकाचीच, म्हणजे खडक, खळं, शेतातलं घर असं. ब म्हणजे सार्वजनिक कामासाठी सोडलेली, रस्ता, ओढा, पायवाट, स्मशान. अ मधली जागा वाटणीत मागता येते, ब मधली मागून काय उपयोग. थोरल्यांनी सहा गुंठे आधी वजा करून मग तीन भाग केले ते या एका अक्षरामुळं, आणि ते अक्षर गेलं की आपोआप प्रश्न उठतो की हे सहा गुंठे यांनी परस्पर कुणाला दिले? वेस्ट लँड वाचून वकिलाला पडीक जमीन वाटणार. म्हणून पोटखराब हा शब्द रोमन लिपीत तसाच ठेवला, अक्षर तसंच ठेवलं, आणि खाली एका ओळीची टीप दिली की उताऱ्यावर हेच फूटखराब नावानं येतं. ज्या शब्दाच्या मागं नियम उभा आहे त्याला हात लावायचा नाही, असं माझं मत झालंय.

पण म्हणून सगळेच देशी शब्द जपून ठेवायचे असंही नाही. "उतारा" मी बदलला. आमच्याकडं मराठी शेतकरी पण उतारा म्हणतो, कन्नड शेतकरी पण उताराच म्हणतो, महाराष्ट्रातला सातबारा म्हणतो, आणि बेंगळूरकडं त्याच कागदाला पहाणी म्हणतात. कागदावर स्वतःवर मात्र आरटीसी असतं. तेव्हा जिथं जिथं उतारा होता तिथं आरटीसी लिहिलं, पहिल्यांदा आला तिथं मूळ शब्द एकदा सांगितला आणि विषय संपवला. उतारा हे नुसतं बोलायचं नाव, त्या नावाखाली कायद्याचं काही लपलेलं नाही.

मग "वर्दी". वहीत ओळ आहे, "मधल्यानं सही केली खरं वर्दी दिली न्हाई." या एका ओळीत दोन खड्डे आहेत. वर्दी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला पोलिसाचा गणवेश आठवतो. आमच्याकडं वर्दी म्हणजे वाटणी झाली, माणूस वारला, हक्क सोडला असं काही झालं की तलाठ्याकडं जाऊन द्यायची खबर, जिच्यावरनं फेरफार नोंद होते. धारवाड-बेळगावकडच्या कोर्टाच्या निकालांत हा शब्द इंग्रजीत पण वर्दी म्हणूनच येतो, त्यामुळं तो मी ठेवला, कारण वकिलाला पुढं शोधायचा झाला तर याच शब्दानं शोधावा लागणार. दुसरा खड्डा "खरं". तिकडं खरं म्हणजे सत्य, आणि इकडं आम्ही, कोल्हापूरकडचे पण, "पण" या अर्थानं खरं म्हणतो. मसुद्यात "मधल्यानं खरोखर सही केली" असं झालं होतं आणि पुढचं वाक्य तोडून वेगळं केलेलं. वहीत अर्थ असा की सही केली पण वर्दी दिली नाही, म्हणजे घरात कबूल केलं, नोंद मात्र होऊ दिली नाही. काकांच्या बाजूला, म्हणजे मधल्यांच्या घराला, ही ओळ अडचणीची आहे हे मला दिसत होतं आणि त्यांना पण. ते काही बोलले नाहीत, नुसतं "बघा की मॅडम, तसंच असलं तर तसंच" एवढं म्हणाले. माझ्या कामात असं म्हणणारी माणसं फार भेटत नाहीत हो.

इथंपर्यंत सगळे मराठी शब्द झाले. आणि लोकांना वाटतं की अवघड तेच, वहीतली इंग्रजी तर काय, ती आधीच इंग्रजी आहे, नुसती लिपी बदलायची. माझा अनुभव नेमका उलटा आहे. मराठी शब्द अडला की माणूस थांबतो, कुणाला तरी विचारतो. इंग्रजी शब्दावर कोणी थांबतच नाही.

"ता. ३/२/९४ धाकट्यानं पार्टिशन घातलं." हे रोमन लिपीत तसंच उतरवलं तर वाचणारा काय समजेल, की त्या दिवशी धाकट्यानं वाटणी केली. आणि वाटणी एकदा होऊन गेली असेल तर आज कोर्टात भांडायचं काय? पण आमच्याकडं पार्टिशन घालणं म्हणजे वाटणीचा दावा लावणं. दावा घालतात, स्टे आणतात, पार्टिशन घालतात. वाटणी झाली नाही म्हणूनच तर घातलं. थोरल्यांची सवय बघायला मी सगळी वही चाळली, तर पार्टिशन हा शब्द ते फक्त कोर्टाच्या संदर्भात वापरतात, आणि घरात आपापसात ठरवलं त्याला वाटणी. त्यात पण वाटणी सगळीकडं जमिनीचीच नाही, एका पानावर आंब्याची वाटणी आहे, त्या वर्षीच्या आंब्यांची, झाडांची नव्हे. म्हणजे इंग्रजी पार्टिशनचं इंग्रजी करताना ते बदलायला लागलं, पार्टिशन सूट लिहिलं, आणि मराठी वाटणीला तीन जागी तीन वेगळे शब्द लागले, जमिनीला पार्टिशन, उत्पन्नाला शेअर, आणि एका ठिकाणी नुसती कसायची सोय म्हणून दिलेली वाटणी, तिथं मी वाटणी हाच शब्द ठेवून टीप दिली, कारण ती कायमची की तात्पुरती हेच तर कोर्टानं ठरवायचंय, ते मी कसं ठरवू.

तसाच "प्लॉट". "ओढ्याकडचा प्लॉट यंदा मधल्याकडं." शहरातल्या वकिलाला प्लॉट म्हणजे बिगरशेती करून पाडलेली घराची जागा. शेतकऱ्याच्या तोंडात ऊसाचा प्लॉट, भाताचा प्लॉट, शेताचा एक तुकडा. प्लॉट तसाच ठेवला असता तर वकिलांनी पहिला प्रश्न विचारला असता की बिगरशेतीचा आदेश कुठं आहे. तिथं फील्ड केलं. "मोटर" चं पंपसेट केलं, "करंट घेतला" चं वीज कनेक्शन. "पार्टी आली होती, रेट बोलली" यातली पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, आणि कोर्टाच्या कागदात पार्टी म्हणजे दाव्यातला पक्षकार, हे दोन एका कागदावर सोडले तर नसता माणूस दाव्यात घुसतो. पण "स्टे" आणि "बोअर" मी जसेच्या तसे सोडले, त्यांच्या मागं दुसरं काही दडलेलं नाही.

सगळ्यात महाग पडलं असतं ते सुरुवातीचं पान. "ता. २२/६/७९ सात नंबर भरला." पुतण्यानं केलं, सेव्हन ट्वेल्व्ह एक्स्ट्रॅक्ट घेतला. सात म्हटलं की त्याला सातबाराच आठवणार, आणि "भरला" हे क्रियापद त्याला खटकलं नाही. सातबारा कुणी भरतं का, सातबारा काढतात. भरतात तो फॉर्म. १९६१ च्या कर्नाटक जमीन सुधारणा कायद्याला १९७४ साली मोठी दुरुस्ती झाली, कुळाकडची जमीन सरकारकडं आली आणि कुळानं आपला हक्क सांगायला लँड ट्रिब्युनलकडं फॉर्म नंबर सात भरायचा होता. त्याची शेवटची मुदत ३० जून १९७९. वहीतली तारीख त्याच्या आठवडाभर आधीची, म्हणजे शेवटच्या गर्दीत यांनी भरलाय. आणि पुढं तीन वर्षांनी ओळ आहे "दहा नंबर मिळाला", तो फॉर्म दहा, हक्क मान्य झाल्याचा दाखला. दोन्ही ओळी जुळल्या. म्हणजे ही जमीन मुळात मालकीची नव्हती, कुळाच्या हक्कानं आली, आणि मग प्रश्न असा येतो की फॉर्म कुणाच्या नावानं भरला, थोरल्यांच्या एकट्याच्या की वडिलांच्या कुळवहिवाटीच्या जोरावर घरासाठी. वकिलांनी नंतर फोनवर सगळ्यात जास्त याच पानाबद्दल विचारलं. "भरला" चं मी फाईल्ड केलं, "सात नंबर" चं फॉर्म नंबर सात, आणि कूळ हा शब्द टेनंट केला, कारण कायद्याच्या इंग्रजीत तोच आहे. वहिवाट मात्र ठेवली. पझेशन म्हटलं तर नुसता ताबा होतो, आणि वहिवाटीत वर्षानुवर्षं कसून खाणं आलं, पाटाच्या पाण्याची पाळी आली, बांधावरच्या झाडाची फळं आली.

कधीकधी वाटतं इथं शब्द असे मिसळले त्यात नवल काय. हा सगळा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मोजणी त्या राज्याची, शब्द त्या राज्याचे, मग आम्ही म्हैसूर राज्यात आलो आणि चंदगड तालुका तेवढा जिल्ह्यातनं काढून तिकडं राहिला. थोरल्यांची पिढी त्या जुन्या शब्दांत वाढली, पुढं ऑफिसात कन्नड ऐकलं, कोर्टात इंग्रजी ऐकली, आणि जे कानाला आलं ते बॉलपेननं उतरवलं. असो, वाद त्यावर नको, त्या वादाला इथं माणसं कमी नाहीत.

शेवटी एकच ओळ राहिली होती. वहीच्या शेवटच्या भागात, तारीख नाही, "धाकट्याला हाती ५ दिले, बाकी पीक आल्यावर." पाच काय? रुपये, शंभर, हजार, पोती? मागं पुढं कुठंच एकक नाही, शेजारच्या ओळीत दुसऱ्या कशाचा हिशोब. काका म्हणाले पाच हजार, घरात सगळ्यांना माहीत हाय. पुतण्या म्हणाला पाच लाख असणार, त्या वेळी तो रेट होता. मी ५ लिहिलं आणि पुढं चौकोनी कंसात एकक लिहिलेलं नाही असं टाकलं. काका जरा नाराज झाले, म्हणाले, "तेवढं हजार लिवलं असतं तर काय बिघडलं असतं?" म्हटलं, "काका, तुम्ही वकिलांना तोंडी सांगा, साक्षीत सांगा, सगळं सांगा. माझ्या कागदात पाचच राहणार."